सहा, आठ आणि तिसरा हात

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम तीन पेन्सिली असत. तांबडी, निळी आणि हिरवी. चौथी, साधी काळी, कानावर. हातात कुठलाही छापील कागद आला की ते आधी काळीने वाचत आणि मग बाकीच्या तिघींना कामाला लावत. लग्नपत्रिका, वीजबिलामागच्या सूचना, गणपतीत वाटलेलं आरत्यांचं पुस्तक, मोबाइलवर आलेल्या आरोग्यविषयक सल्ल्याची प्रिंट, काहीही सुटत नसे. काही ओळींखाली तांबडी रेघ, काहींखाली निळी. जिथे दोन्ही एकत्र येत तिथे एक बारीक हिरवी उभी रेघ. कागद परत देताना म्हणत, "दोन जणांनी लिहिलंय. तिसऱ्याने शिवलंय."

जळगावहून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाचं मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरचं पान तेव्हा तिथल्या शनवारा वेशीजवळच्या दोन खोल्यांमध्ये तयार होत असे. खाली साड्यांचं दुकान होतं. पानाची जबाबदारी माझ्याकडे होती. पान लावायला एक ऑपरेटर होता आणि प्रुफं वाचायला हे. वय सत्तरीच्या आसपास. भुसावळला रेल्वेच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले होते आणि बुऱ्हाणपूरच्याच लालबागेत पत्नीसोबत राहत होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. माघारी ऑपरेटर त्यांना 'सांधेवाले' म्हणे, कारण आल्या आल्या ते त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत आणि विचारत, "सांधा कुठंय?"

"गुडघ्यात आहे काका," ऑपरेटर म्हणे. "तेल लावून राहिलो, जात नाही."

काकांना ते रोज नव्याने कळे आणि ते रोज हसत.

डबा खाण्याची त्यांची पद्धत ऑफिसात प्रसिद्ध होती. भात एकीकडे, वरण दुसरीकडे, भाजी तिसरीकडे. आधी प्रत्येकाचा एकेक घास वेगळा घेत आणि मगच कालवत. "कालवल्यावर परत वेगळं करता येत नाही," ते म्हणत. "म्हणून आधी बघून घ्यावं, काय काय होतं ते." मग जरा थांबून, "म्हणजे येतं. पण फार कष्ट पडतात. अडीचशे वर्षं झाली, लोक करूनच राहिले."

हे लोक म्हणजे प्राचीन इस्राएलच्या धर्मग्रंथांचे अभ्यासक. काकांचं सगळं वेड तिथलं होतं. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये लहानपणी त्यांच्या शेजारी एक बेने इस्राएली, म्हणजे मराठी यहुदी, गार्ड राहत. घरात मराठी, सणाला पुरणपोळी, आणि शनिवारी ड्यूटी नसेल तर विस्तव नाही. त्यांनी शेजारच्या या पोराला, म्हणजे काकांना, हिब्रू अक्षरं शिकवली. पुढे एका रद्दीच्या दुकानात काकांना इंग्रजीतलं एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात तोराचा, म्हणजे मूसाच्या (मोशेच्या) नावावरच्या पाच यहुदी ग्रंथांचा, मजकूर वेगवेगळ्या रंगांत छापला होता, एकेका हाताला एकेक रंग. ते पुस्तक त्यांनी आयुष्यभर वाचलं. रेल्वेत असताना टाइमटेबल वाचायचे तसं, बोट ठेवून.

ऑफिसात नवा वार्ताहर आला की त्याची परीक्षा ठरलेली असे.

"प्रलयाची गोष्ट माहीत आहे? नोहाची?"

"हो काका. नावेत जनावरांच्या जोड्या घेतल्या."

"किती?"

"एकेक जोडी."

"बरोबर. एका जागी तसंच लिहिलंय. थोडं खाली वाचा. तिथे शुद्ध जनावरांच्या सात-सात जोड्या आहेत. पाऊस किती दिवस?"

"चाळीस."

"एका ठिकाणी चाळीस. दुसऱ्या ठिकाणी पाणी दीडशे दिवस चढलेलं. आता सांगा, वार्ताहर किती?"

मग ते स्वतःच उत्तर देत. एक हात गोष्ट सांगणाऱ्याचा. त्याचा देव माणसासारखा वागतो. नावेचं दार स्वतः बाहेरून लावून घेतो आणि शेवटी बळीच्या धुराचा वास घेतो. हा हात देवाला त्याच्या खास चार अक्षरी नावाने हाक मारतो, जे नाव यहुदी लोक उच्चारत नाहीत. दुसरा हात पुरोहिताचा. त्याला तारीख लागते, माप लागतं, यादी लागते. नोहाच्या सहाशेव्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी प्रलय सुरू झाला, हे तोच लिहितो. नाव किती हात लांब, तेही तोच लिहितो. त्याच्याकडे देव नुसता देव आहे. खास नाव मूसाला कळेपर्यंत कोणाला माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं आहे, म्हणून तो त्याआधी ते वापरत नाही.

"हा आपला कलेक्टर ऑफिसवाला," काका म्हणत. "आणि पहिला आपला तिकडे देडतलाई गावचा वार्ताहर."

सात जोड्या कशाला, हा प्रश्न ते शेवटी ठेवत. गोष्टवाल्याचा नोहा पाणी ओसरल्यावर बळी देतो. एकच जोडी घेतली असती तर बळीबरोबर ती जातच संपली असती. पुरोहिताच्या लेखी मात्र मूसाच्या काळात वेदी बांधली जाऊन अधिकृत पुरोहित नेमले जाईपर्यंत बळी देण्याचा प्रश्नच नाही. त्याच्या नोहाला जास्तीची जनावरं लागत नाहीत. "म्हणजे आकड्यात चूक नाही भाऊ. प्रत्येकाचा आकडा त्याच्या धंद्यातून आलाय."

त्यांचा एक नियम होता आणि तो ते कधी मोडत नसत. एका खुणेवर बोलायचं नाही. देवाचं नाव बदललं, एवढ्यावरून हात बदलला असं म्हणायचं नाही. लेखक एकच असून शब्द बदलू शकतो. नाव बदललं, आकडा बदलला, शब्दांची लकब बदलली, गोष्ट दोनदा सांगितली गेली, हे सगळं एकाच जागी एकत्र आलं तर तिथे थांबायचं. मग दोन्ही धागे वेगळे ओढून बघायचे. प्रत्येक धागा एकटा वाचला तरी बहुतेक सलग लागला, तर हिरवी रेघ मारायची. एका वाक्यातच सांधा सापडल्याचं त्यांना फार अप्रूप होतं. जनावरं आत गेली, देवाने आज्ञा केली होती तशी, आणि चार अक्षरांवाल्याने दार लावलं. वाक्य एक, पहिला अर्धा पुरोहिताचा, दुसरा अर्धा गोष्टवाल्याचा.

हे सगळं अंतिम सत्य आहे असं ते म्हणत नसत. वेगवेगळे मूळ ग्रंथ कोणालाही कधी सापडलेले नाहीत, हे ते आधी सांगून टाकत. काही अभ्यासक म्हणतात हे पूर्ण ग्रंथ होते, काही म्हणतात एका मजकुरावर थर चढत गेले, काहींना ठरावीक हात मुळीच मान्य नाहीत. पुरोहिताचा हात मात्र बहुतेकांना दिसतो, आणि त्याच्याही आत एक दुसरा, नंतरचा, पवित्रतेचा आग्रह धरणारा. "भांडण चालू आहे," काका म्हणत. "दोन्ही ठेवायचं."

'दोन्ही ठेवा' हे त्यांचं दुसरं वाक्य. ज्याने हे सगळं एकत्र शिवलं त्याच्याबद्दल त्यांना आदर होता. अभ्यासक त्याला नाव देत नाहीत, नुसतं संपादक म्हणतात. त्याच्यापुढे दोन पोथ्या होत्या, दोन्ही पवित्र. तो एक आकडा खोडू शकला असता. त्याने खोडला नाही. एक जोडी ठेवली, सात जोड्याही ठेवल्या, आणि आपला हात फक्त जोडणाऱ्या शब्दांत राहू दिला.

याच्या उलट एक माणूस होता. त्याचं उदाहरण काका हसत देत, आणि ते मला पुढे पुष्कळ वेळा आठवलं. वल्हांडण या यहुदी सणाला कोकराचं मांस कसं करायचं याबद्दल एका जागी स्पष्ट लिहिलंय की पाण्यात उकडायचं नाही, विस्तवावर भाजायचं. दुसऱ्या जागी शिजवायचं म्हटलंय, आणि तिथे जो शब्द आहे तो सहसा उकडण्यासाठी वापरतात. शेकडो वर्षांनी एक इतिहासकार बसला. त्याने दोन्ही वाचलं. दोन्ही खरं असलंच पाहिजे. म्हणून त्याने लिहिलं की लोकांनी मांस विस्तवात उकडलं, नियमाप्रमाणे.

"आता भाऊ, तुम्ही मला पाण्यावाचून विस्तवात उकडून दाखवा."

ऑपरेटर म्हणाला, "काका, आमची बायको रोज तेच करते."

देडतलाईच्या पुढे एक गाव आहे. तिथल्या नळयोजनेचा पंप चालवणारा माणूस एका सकाळी विजेचा धक्का बसून गेला. दुपारी चार वाजता वार्ताहराचा मेसेज आला. त्यात असं होतं: सकाळी सहा वाजता पंप सुरू करण्यासाठी त्याला फोन करून बोलावलं गेलं. तो गेला. स्टार्टरची पेटी बंद होती. त्याने पेटीला हात लावला आणि तो चिकटला. त्याच्या बायकोने सांगितलं की पेटीत करंट उतरतो हे त्याने पंचायतीत दोनदा सांगितलं होतं, तिथल्या वहीत लिहूनही घेतलं होतं.

साडेसहाला संबंधित खात्याची प्रेसनोट आली. त्यात असं होतं: सकाळी आठच्या सुमारास सदर कर्मचाऱ्याने वीजपुरवठा बंद न करता स्टार्टरची पेटी उघडली. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे त्याचा मृत्यू झाला. तक्रारीचा उल्लेख नव्हता.

पान आठ वाजता जळगावला जायचं होतं. जागा बारा ओळींची होती. मी दोन्ही मजकूर समोर ठेवले आणि एक बातमी केली. बातमीत लिहिलं की पंप सुरू करण्यासाठी गेलेल्या कर्मचाऱ्याचा सकाळी सातच्या सुमारास स्टार्टरची पेटी उघडताना विजेचा धक्का बसून मृत्यू झाला. पुढे सदर कर्मचाऱ्याने वीजपुरवठा बंद केला नव्हता, असं आलं, आणि शेवटी पुन्हा, पंप सुरू करताना ही घटना घडली. बायकोची ओळ तेराव्या ओळीत जात होती. ती काढली.

सात हा आकडा दोन्हींपैकी कोणीही दिलेला नव्हता. सहा आणि आठ यांच्यामध्ये सात येतो, म्हणून सात. असं आम्ही करत असू. मृतांचा आकडा दोन ठिकाणी वेगळा आला तर कमी घ्यावा आणि वेळ वेगळी आली तर मधली घ्यावी, हे मला एका वरिष्ठाने शिकवलं होतं. कोणी तक्रार करत नसे. मधल्या वेळेला कोणी साक्षीदार नसतो.

काकांनी मूळ दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रूफ वाचलं. समासात काळ्या पेन्सिलीने त्यांनी लिहिलं, "सात कुठून आले? सहा / आठ, दोन्ही ठेवा. पेटी उघडी की बंद? बाईची ओळ कुठे गेली?" खाली सही केली, कारण वाचलेल्या प्रत्येक प्रुफावर ते सही करत.

आठला सात मिनिटं होती. मी म्हणालो, "काका, उद्या बघू."

"उद्या ते छापलेलं असेल," ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

मी पान जळगावला सोडलं. प्रूफ घडी करून वरच्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

आठ दिवसांनी ती बाई आली. सोबत तिचा भाऊ होता. दोघं देडतलाईहून बसने आले होते. तिच्या हातात बातमीचं कात्रण होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं.

"हे कोनी लिहलं?" तिने विचारलं.

मी विचारलं, काय झालं.

"सायब लोक म्हनतात, बाई, तू खोटं बोलते. तुझ्याच घरच्यांनी पेपरात सात सांगतलं, आता तू सहा सांगून राह्यली. म्या सहाच सांगतलं व्हतं. सात वाजता तर आम्ही त्याला गाडीत घातलं व्हतं."

भाऊ म्हणाला, "आणि पेटी उघडून राह्यला होता, हे कोणी पाहिलं? तिथं तर कोणी नव्हतं ना भैया. पंपाच्या खोलीचं दार लागेल होतं. पेपरात आलं म्हणून आता चौकशीत तेच धरून राह्यले."

चौकशीच्या कच्च्या अहवालात 'निष्काळजीपणा' हा शब्द होता. बाईला तो शब्द काढायचा होता. आणखी तिने काही मागितलं नाही. "त्याला मशीन कळायची," ती म्हणाली. "गावात कोनाची बी मोटर बंद पडली तर त्यालाच बोलवत. लेकराला काय सांगू, तुझा बाप येडा व्हता?"

काका त्यांच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. उठले, तिच्याकडून कात्रण घेतलं, वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही सहाच सांगितलं होतं. तो कागद मी वाचलाय."

दुसऱ्या दिवशी जळगावहून फोन आला. बाईच्या भावाने तिथे तक्रार केली होती. संपादकांनी विचारलं, "पान कोणी पाहिलं होतं?"

मी म्हणालो, "पान काकांनी पाहिलं होतं."

ते वाक्य खरं होतं. संपादकांनी दुसरा प्रश्न विचारला नाही आणि मी दुसरं वाक्य बोललो नाही. "वय झालं त्यांचं," संपादक म्हणाले. "उद्यापासून नको म्हणा."

हे मलाच सांगावं लागलं. काका डबा उघडत होते. ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवसाचं प्रूफ आहे का?"

"सापडत नाही," मी म्हणालो.

प्रूफ माझ्या गुडघ्यापासून एक वीत अंतरावर होतं. त्यांनी "बरं" म्हटलं, वरण, भात आणि भाजीचा एकेक वेगळा घास घेतला, मग कालवून जेवले. डबा धुतला. जाताना ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तेल लावत राहा." ऑपरेटर हसला नाही. माझ्याकडे त्याने पाहिलं आणि मग स्क्रीनकडे.

तीन महिन्यांनी तहसील कचेरीत सुनावणी झाली. बातमीसाठी मी गेलो होतो. बाई आणि तिचा भाऊ पुढच्या बाकावर होते. त्यांच्या शेजारी काका, इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेन्सिली. ते बुऱ्हाणपूरहून बसने तीनदा त्या गावाला जाऊन आले होते, हे मला तिथे कळलं. वार्ताहराकडून त्याचा मूळ मेसेज त्यांनी मिळवला होता. प्रेसनोट तर चौकशीच्या फाइलीतच होती.

अधिकारी तरुण होते, सुनावणी हिंदीत चालली. काकांनी एक मोठा कागद टेबलावर पसरला. मध्ये माझी बातमी चिकटवली होती. डावीकडे वार्ताहराचा मेसेज, उजवीकडे प्रेसनोट.

"साहब, ये जो छपा है, ये गवाही नहीं है," ते म्हणाले. "ये दो गवाहियों की सिलाई है. लाल इसकी, नीली उसकी."

अधिकारी कागदावर वाकले. काकांनी एकेका ओळीवर बोट ठेवत दाखवलं. 'सदर', 'कर्मचारी', 'वीजपुरवठा' हे शब्द फक्त उजवीकडच्या कागदात आहेत आणि बातमीत जिथे ते येतात तिथेच पेटी उघडी होते. 'पंप सुरू करण्यासाठी गेलेला' हे डावीकडचं. त्यानंतर बातमी तेच पुन्हा सांगते, 'पंप सुरू करताना ही घटना घडली.' पुन्हा का सांगते? कारण मध्ये काहीतरी घुसवलंय आणि धागा परत पकडायचाय. यावर काका थोडे रमले. ते अधिकाऱ्यांना सांगू लागले की हीच खूण जुन्या ग्रंथांत असते. मूसा म्हणतो, मला नीट बोलता येत नाही, राजा माझं ऐकेल कसा. मग अचानक एक लांब वंशावळ येते. वंशावळ संपली की मूसा तेच वाक्य पुन्हा म्हणतो. मधली वंशावळ कोणीतरी आत ठेवली आहे.

"ये मूसा कौन? गाँव का है?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नहीं साहब. बहुत पहले के हैं."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "और ये सात?"

सातभोवती हिरवं वर्तुळ होतं.

"सात दोनों में नहीं है," काका म्हणाले. "बाई ने छह कहा, विभाग ने आठ कहा. सात जोड़नेवाले का है. इसको गवाही मत मानिए. और बाई ने बयान नहीं बदला है. बयान छपाई में बदला है."

"जोड़नेवाला कौन है?"

मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. वही उघडी होती. काका माझ्या लिखाणाची प्रुफं चार वर्षं वाचत होते. घुसवलेल्या मजकुरानंतर मागचं वाक्य पुन्हा लिहायची सवय माझी, हे त्यांनीच एकदा मला हसत दाखवलं होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"साहब, इस विद्या में जोड़नेवाले का नाम नहीं होता," ते म्हणाले. "सिर्फ इतना लिखते हैं कि तीसरा हाथ था."

अधिकाऱ्यांनी अर्धं मिनिट वाट पाहिली. कोणी बोलायचं असेल तर तेवढा वेळ पुरेसा होता. मग त्यांनी लिहायला घेतलं.

काकांनी एकच विनंती केली. निर्णय काहीही होवो, बाईचं म्हणणं तिच्या नावासकट अहवालात राहू द्यावं, 'कुटुंबीयांचे आक्षेप' अशा दोन शब्दांत घालू नये. याचं कारणही त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी बाहेर चहाच्या टपरीवर बाईच्या भावाला सांगितलं. मी दोन पावलं मागे उभा होतो. यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, आपली सगळी वादविवादांची परंपरा एकत्र केली. त्या ग्रंथाला मिश्ना म्हणतात. त्यात बहुमताचा निर्णय असतो, पण हरलेल्या एकट्याचं मतही असतं, त्याच्या नावासकट. त्यातच कोणीतरी विचारतं, नियम बहुमताचा, मग एकट्याचं कशाला लिहायचं? तिथे एक उत्तर असं दिलंय की उद्या दुसरं न्यायालय बसलं आणि त्याला ते पटलं, तर त्याला आधार पाहिजे. ज्या भागात हा प्रश्न येतो तो भागही काकांना वेगळा वाटे. बाकी ग्रंथ विषयवार लावलेला आहे, हा बराचसा माणसांच्या नावांवर लावलाय. कोण काय साक्ष देतो, त्या क्रमाने. त्यावरून काही अभ्यासकांना वाटतं की हा जुन्या संग्रहाचा तुकडा असावा. पुढच्या रब्बींनी तर म्हणून ठेवलंय, एखाद्या गुरूने मत बदललं तरी आधी शिकवलेला पाठ जागचा हलत नाही. नवा त्याच्या शेजारी बसतो.

"समजलं ना?" काकांनी विचारलं.

"नाही काका," भाऊ म्हणाला. "पण तिचं नाव राहिलं पाहिजे, एवढं समजलं."

"मग सगळं समजलं."

पहिला निर्णय बाईच्या बाजूने लागला नाही. वेळेबाबत दोन परस्परविरोधी जबान्या असून निष्कर्ष काढता येत नाही, असं अहवालात आलं. 'निष्काळजीपणा' हा शब्द खात्याच्या म्हणण्यात राहिला. बाईचं म्हणणंही राहिलं, पूर्ण, तिच्या नावासकट. मी सुनावणीची चार ओळींची बातमी दिली. तिसऱ्या हाताचा उल्लेख केला नाही. जागा चार ओळींचीच होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

वर्षभराने अधिकारी बदलले. नव्या अधिकारी बाईंनी जुनी फाइल वाचताना पंपवाल्याच्या बायकोची ती एकटीची जबानी वाचली आणि पंचायतीची वही मागवली. वहीत दोन नोंदी होत्या, दोन्ही त्याच्या सहीच्या. पेटीत करंट उतरतो. नव्या अहवालात 'निष्काळजीपणा' हा शब्द राहिला नाही. ही बातमी देडतलाईच्या वार्ताहराने पाठवली. या वेळी मी एकही शब्द बदलला नाही आणि ती बारा ओळींहून लांब गेली.

त्या आठवड्यात मी लालबागेत काकांकडे गेलो. दार काकूंनी उघडलं. "या," त्या म्हणाल्या. "बघा, काय करून राहिलेत ते. माझ्या आईच्या लोणच्याची चिठ्ठी घेऊन बसलेत. म्हणे मोहरी वेगळ्या बाईने घातली."

"मीठही," आतून आवाज आला.

मी प्रूफ नेलं होतं. त्यांच्यापुढे ठेवलं. घड्यांवर कागद पिवळा पडला होता. त्यांनी तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा वाचला, समासातला स्वतःचा मजकूर, सही, सगळं.

"सापडलं तर," ते म्हणाले.

"हरवलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली. "शंका होती. पण एका खुणेवर बोलायचं नाही."

मी म्हणालो, जळगावला लिहितो. आता संपादक दुसरे आहेत, तरी लिहितो. तेव्हा जे मी सांगितलं ते चूक होतं, ते मागे घेतो, असं लिहितो.

"चूक कुठं होतं?" काका म्हणाले. "पान मी पाहिलंच होतं. खरं वाक्य का खोडता?" त्यांनी प्रूफ माझ्याकडे सरकवलं. खिशातली हिरवी पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं, परत ठेवली. "खोडलं की सांधा पण जातो, भाऊ. मग कोणालाच कळत नाही तिथे काय झालं. ते राहू द्या. शेजारी दुसरं लिहा. वाचणारा वाचेल."

काकूंनी चहा आणला. काका चिठ्ठीकडे वळले आणि त्यांनी मला हिंगाबद्दल काहीतरी विचारलं.

जळगावला पाठवलेल्या पत्रात, आणि इथेही, ते वाक्य तसंच ठेवलं आहे.

पान काकांनी पाहिलं होतं.

सात मी लिहिले. बाईची ओळ मी काढली. प्रूफ माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.